छाती आणि पोटावरचे केस: ट्रिम करायचे की साफ काढायचे, कसं ठरवायचं

आमच्या मावसभावाची हळद शनिवारी होती आणि त्याने गुरुवारी रात्री बाथरूममध्ये जाऊन दाढीच्या रेझरने छाती-पोट सगळं साफ करून टाकलं, कारण कोणीतरी त्याला सांगितलेलं की फोटोत उघड्या अंगावर केस चांगले दिसत नाहीत. शुक्रवारी सकाळी छातीच्या मधोमध आणि बेंबीच्या आजूबाजूला बारीक लाल ठिपके आले, शनिवारी त्याच्यावर हळद चोळली तेव्हा सगळी छाती चुरचुरायला लागली आणि रविवारी लग्नात शेरवानीच्या आत घाम आणि खाज दोन्ही. पण खरा त्रास पुढे झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी नवीन केस टोचायला लागले, बारा-तेरा दिवसांनी पोटावर सात-आठ ठिकाणी केस कातडीच्या आतच वळून गाठी झाल्या, आणि त्यातल्या दोन गाठींचे काळे डाग अजून आहेत.

त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं, कारण छातीचे केस काढायचे म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात, एक तर ठेवा नाहीतर साफ करा. मधला रस्ता म्हणजे नीट ट्रिम करणं, आणि तो जमला तर बऱ्याच जणांना पुढे जायची गरजच वाटत नाही. म्हणून माझं सांगणं असं आहे की कुठल्याही कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी पहिल्यांदा ट्रिम करा, दोन आठवडे ते केस अंगावर वागवा, आणि मग साफ करायचं की नाही ते ठरवा. उलट क्रमाने केलं तर चुकल्यावर केस परत यायची वाट बघण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

आधी आरशासमोर पाच मिनिटं

शर्ट काढून चांगल्या उजेडात उभे रहा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, केस कुठे संपतात. खांद्यावर, दंडावर, पाठीवर दाट केस असतील आणि तुम्ही फक्त छाती-पोट साफ केलंत तर समोरून एक गुळगुळीत तुकडा आणि त्याच्या कडेने केसांची चौकट असं दिसतं. कातडीचा रंगही वेगळा दिसतो, कारण झाकलेल्या भागावर ऊन कमी लागलेलं असतं. अशा अंगावर ट्रिमच चांगलं दिसतं, कारण तिथे केस हळूहळू कमी करत नेता येतात. केस फक्त छातीच्या मधे आणि बेंबीखालच्या रेघेत असतील तर मात्र साफ केलेलंही विचित्र दिसत नाही.

दुसरी, कातडी. छातीवर पिंपल आहेत का, घामोळं आहे का, कडा लाल आणि मधे फिकट असा गोल नायटा कुठे आहे का. असेल तर रेझर आणि वॅक्स दोन्ही बंद, आधी ते बरं होऊ द्या. नायट्यावरून ब्लेड फिरवलं की तो आजूबाजूला पसरतो. आणि मेडिकलमधून कोणी सांगितलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर अजिबात लावू नका, त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट जोमाने येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली जाणारी. अंगावर जुन्या जखमेचा, टाक्यांचा, लसीचा किंवा पिंपलचा एखादा व्रण जाड, टणक, उंचवट्यासारखा झालाय का, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढलाय का? त्याला केलॉइड म्हणतात, आणि छातीचं मधलं हाड ही केलॉइड होण्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक आहे. ज्याच्या अंगावर असे व्रण होतात त्याने छातीवर रेझर, वॅक्स, चिमटा काहीच चालवू नये, कारण एका साध्या पुळीचीही कायमची गाठ होऊ शकते. अशा माणसाने ट्रिमर गार्ड लावून वापरायचा, विषय तिथेच संपला.

अजून एक खूण आहे, ती आरशात नाही पण तुम्हाला माहीत असते. दाढी केल्यावर गळ्यावर पुळ्या येतात का, केस आत वाढतात का? गळ्यावर होत असेल तर छाती-पोटावरही होण्याची शक्यता बरीच असते. जाड आणि कुरळ्या केसांना हा त्रास जास्त होतो, कारण कापलेलं टोक बाहेर येता येताच वळतं आणि कातडीत घुसतं.

ट्रिम कसं करायचं

अंगासाठी वेगळा ट्रिमर असला तर उत्तम, नसेल तर दाढीचा चालेल पण ट्रिमरचं डोकं धुऊन घ्या, आणि जांघेत वापरलेला ट्रिमर तसाच छातीवर आणू नका, नायटा बऱ्याचदा असाच वर सरकतो. गार्ड म्हणजे तो प्लास्टिकचा कंगवा, ३, ६, ९, १२ मिमी असे आकडे असतात, तुमच्याकडे थोडे वेगळे असतील तरी हरकत नाही.

आधी आंघोळ करून घ्या म्हणजे घाम आणि तेल निघून जाईल, पण मग अंग आणि केस पूर्ण कोरडे होऊ द्या. ओले केस कातडीला चिकटतात, गार्डच्या खालून सुटतात आणि वाळल्यावर मधेच लांब बटा उभ्या राहतात. खाली जुना पेपर टाका नाहीतर नंतर बाथरूमची जाळी तुंबते.

तळहात छातीवर हळूच फिरवून बघा केस कुठल्या दिशेने झोपतात. बहुतेकांचे छातीचे केस बाजूने मधे आणि खाली येतात, पोटाचे मधल्या रेघेकडे वळतात, पण स्तनाग्राभोवती भोवरा असतो आणि प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. ही दिशा कळणं गरजेचं आहे कारण ट्रिमर केसांच्या दिशेने फिरवलात तर गार्ड वरून घसरतं आणि केस आकड्यापेक्षा लांब राहतात, उलट दिशेने फिरवलात तर केस उभे राहून बरोबर त्या मापाला कापले जातात. म्हणजे एकाच गार्डने दोन लांब्या मिळतात. पहिल्यांदा करताय तर सगळ्यात मोठं गार्ड, म्हणजे १२ चं लावून आधी केसांच्या दिशेने पूर्ण छाती-पोट घ्या, आरशात बघा, मग तेच गार्ड उलट्या दिशेने. तिथे थांबावंसं वाटलं तर थांबा. अजून दाट वाटतंय तर ९, मग हवं तर ६.

६ मिमीच्या खाली जाताना विचार करा. १२ ते ६ पर्यंत केस मऊ लागतात कारण त्यांना वाकायला लांबी असते. ३ मिमी आणि त्याच्या खाली तेच केस ताठ उभे राहतात, बनियनला अडकतात, मिठी मारणाऱ्याला टोचतात. जाड केसांना हे जास्त जाणवतं, बारीक केसांना ३ सुद्धा चालून जातं.

आता नीटपणा येतो तो कडांनी. छाती ९ वर ठेवलीत तर पोट ६ वर घ्या, कारण पोटावरचे केस पसरलेले असतात आणि त्याच लांबीत जास्त अस्ताव्यस्त दिसतात. गळ्याच्या हाडाजवळ, खांद्याकडे आणि कमरेच्या बाजूला जिथे केस विरळ होत जातात तिथे अजून एक आकडा खाली, आणि शेवटच्या दोन बोटांच्या पट्ट्यात ट्रिमर कातडीवरून हलकेच वर उचलत बाहेर काढा, न्हावी कानाजवळ मशीन उचलतो ना तसं. शर्टच्या वरच्या बटणापाशी सरळ रेघ मारायचा मोह होतो, ती अजिबात मारू नका, चार दिवसांत तिथे खुंट येतात आणि रेघ अजूनच उठून दिसते. बेंबीखालची रेघही कडेने कोरू नका, फक्त लांबी कमी करा.

दोन जागा जपायच्या. स्तनाग्र बोटाने पूर्ण झाकून मगच जवळ जा, आणि तिथले चार-पाच लांब केस गार्डमध्ये येत नसतील तर लहान, बोथट टोकाच्या कात्रीने कापा, उपटू नका. बेंबीपाशी दुसऱ्या हाताने कातडी वर ताणून धरा, मशीन आत घालू नका. पोट थोडं सुटलेलं असेल तर श्वास भरून धरा आणि कातडी ताणा, नाहीतर मऊ भागात गार्ड रुततं आणि तिथे केस जास्त कापले जाऊन खड्डा पडल्यासारखं दिसतं. हा खड्डा म्हणजे नवशिक्याची हमखास चूक, आणि तो लगेच कळत नाही कारण पोट ताणलेलं असताना सगळं सारखं दिसतं. म्हणून मधे एकदा थांबून नेहमीसारखे सैल उभे रहा, बाजूने उजेड येईल असं वळा आणि मग बघा.

झाल्यावर साध्या पाण्याने अंग धुवा म्हणजे कापलेले तुकडे निघून जातील, त्यांचीच खाज जास्त येते. गार्ड लावून केलं असेल तर दुसरं काही लावायची गरज नाही.

मग दोन आठवडे

छातीचा केस दिवसाला साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या मधे वाढतो, म्हणजे दहा दिवसांत ३-४ मिमी. ६ चं पोट दहा दिवसांनी ९-१० चं झालेलं असतं. त्या दिवसांत लक्ष द्या की खाज येते का, कपड्यात अडकतं का, घाम कमी चिकटतो का, आणि मुख्य म्हणजे आरशात बघताना तुम्हाला अजूनही साफ छाती हवीशी वाटते का. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना केस नको नव्हतेच, त्यांना कॉलरमधून बाहेर येणारे आणि टी-शर्टखाली फुगणारे केस नको होते, आणि ते ९ च्या गार्डने मिटलं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण बरेच जण त्याच भीतीने काहीच करत नाहीत. रेझरने काढल्याने केस जास्त जाड किंवा दाट येत नाहीत. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं सपाट, म्हणून हाताला जाड लागतं आणि डोळ्यालाही काळं दिसतं. मुळाची संख्या तीच, जाडी तीच.

तरीही साफच करायचंय

करा की, पण सगळी छाती एकदम नको. पोटाच्या एका बाजूला, बेंबीच्या शेजारी, तळहाताएवढी जागा घ्या आणि जी पद्धत वापरणार ती फक्त तिथे करा. मग १४ दिवस थांबा; कार्यक्रम तीनच आठवड्यांवर असेल तर ही चाचणी पहिल्या ट्रिमच्या दिवशीच करून टाका. पहिल्या दोन दिवसांत लाली आणि आग दिसते, तिसऱ्या ते सातव्या दिवशी टोचणं आणि खाज, आणि आठव्या दिवसानंतर केस आत वाढतायत का ते. मावसभावाच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांचा त्रास कोणीही सहन केला असता, खरं नुकसान बाराव्या दिवशी झालं, म्हणून ही चाचणी दोन दिवसांत संपवून उपयोग नाही.

रेझरने करणार असाल तर आधी ट्रिमरने गार्ड काढून १-२ मिमी पर्यंत खाली आणा, लांब केसांत रेझर अडकतो आणि ओढतो. कोमट पाण्याने चार-पाच मिनिटं आंघोळ, मग शेव्हिंग जेल, नवीन ब्लेड, आणि केसांच्या दिशेनेच एकदा. दाबायचं नाही, दर दोन-तीन फटक्यांनी धुवायचं, त्याच जागेवरून परत परत फिरवायचं नाही. उलट्या दिशेने फिरवलं की एक दिवस जास्त गुळगुळीत वाटतं पण केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि आत वाढायची सुरुवात तिथूनच होते. टिपून कोरडं करा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, आफ्टरशेव नको. एक दिवस जिम, स्विमिंग आणि घट्ट बनियन बंद. दोन-तीन दिवसांत खुंट येणार हे धरून चाला, म्हणजे ही पद्धत घेतली तर आठवड्यातून दोनदा हे काम आलं, आणि प्रत्येक वेळी कातडी परत सोलवटते. पाठीपर्यंत दाट केस असणाऱ्याला हे वर्षभर झेपत नाही.

हेअर रिमूव्हल क्रीम केसाला विरघळवतं, मूळ तसंच राहतं, त्यामुळे रेझरपेक्षा टोक थोडं मऊ येतं आणि एक-दोन दिवस जास्त मिळतात एवढाच फरक. पण तेच रसायन कातडीवरही काम करतं, म्हणून छोट्या जागेवर आदल्या दिवशी लावून बघायचं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या वर एक मिनिटही ठेवायचं नाही, मोबाईलवर टायमर लावा. गरम आंघोळीनंतर लगेच नको, स्तनाग्रावर नको, ताज्या ओरखड्यावर नको. आग व्हायला लागली तर वेळ संपायची वाट न बघता पुसून भरपूर पाण्याने धुवा.

वॅक्सला केस साधारण ५-६ मिमी लांब लागतात, म्हणजे नुकतंच बारीक ट्रिम केलं असेल तर थांबावं लागेल. छातीच्या मधल्या हाडावर आणि स्तनाग्राच्या आजूबाजूला दुखतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. जाड केसांच्या मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका येऊ शकतो, लाली एक-दोन दिवस राहते. तीन-चार आठवडे टिकतं म्हणतात ते साधारण खरं आहे, पण सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, काही त्या दिवशी कातडीच्या आतच असतात आणि आठवड्याभरात डोकं काढतात, त्यामुळे पहिल्या वॅक्सनंतर वाटतं की पार्लरवाल्याने नीट केलं नाही. बऱ्याचदा त्याचा दोष नसतो. पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्स करू नका, कातडीचा थरच निघून येऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शुगर ताब्यात नसेल तरी वॅक्स आणि रेझर दोन्ही आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लेझरबद्दल थोडंच सांगतो कारण तो घरी करायचा विषय नाही. त्याने केस कमी होतात, कायमचे सगळे जातातच असं नाही, आणि काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ किंवा जास्त बैठका लागतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला चुकीच्या मशीनने किंवा जास्त ताकदीने भाजून डाग पडू शकतात, म्हणून त्वचारोग तज्ज्ञाकडेच जा. लेझर ठरवत असाल तर आधी वॅक्स करू नका, लेझरला मूळ जागेवर लागतं.

बिघडलं तर

केस आत वाढून गाठ आली तर सुईने टोकरू नका, नखाने फोडू नका. त्या जागेवर रेझर पूर्ण बंद, कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. केसाचं टोक बाहेर दिसलं तर फक्त तेवढं मोकळं करा, उपटू नका, उपटलं तर नवीन केस परत आतूनच वाट काढतो. पिवळी डोकी असलेल्या पुळ्या वाढत गेल्या, आजूबाजूला गरम आणि लाल झालं, ताप आला किंवा एखादा व्रण टणक होऊन मोठा होत चालला तर डॉक्टरांना दाखवा.

छातीवर एकसारख्या आकाराच्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुळ्या आल्या आणि रेझर बंद करूनही दोन आठवडे जात नाहीत, विशेषतः मुंबई-कोकणातल्या दमट दिवसांत, तर ती घामात वाढणारी बुरशीही असू शकते. दिसायला पिंपलसारखं असतं पण त्याला वेगळं औषध लागतं आणि पिंपलचं मलम लावून फरक पडत नाही.

लग्नाचं वेळापत्रक

मावसभावाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही हळदीच्या २१ दिवस आधी पहिल्यांदा ट्रिम केलं, १२ ने सुरू करून छाती ९ आणि पोट ६. त्याच दिवशी त्याच्या हट्टामुळे बेंबीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा रेझरने करून बघितली. दहाव्या दिवशी तिथे चार पुळ्या आणि दोन केस आत गेलेले, बाकी छातीवर काहीच नाही. तोवर हळदीला अकरा दिवस होते, त्यामुळे तेवढी जागा शांत व्हायला वेळ मिळाला आणि त्याने स्वतःच साफ करायचा विचार सोडला. हळदीच्या दोन दिवस आधी परत ट्रिम केलं, या वेळी छाती ६, कारण लांब केसांत हळद वाळून बसते आणि काढताना ओढ लागते, ६ मधून ती एका आंघोळीत निघते. पोटही ६ वरच ठेवलं, त्याच्यापेक्षा लांब ठेवलं असतं तर रेझरच्या जागेतले नुकते वाढलेले केस आणि बाकीचे यांत फरक दिसला असता. हळदीत काही चुरचुरलं नाही. आता दर तीन आठवड्यांनी रविवारी दहा मिनिटांत तो स्वतःच करतो, ब्रशने ट्रिमरचं डोकं साफ करून ब्लेडवर तेलाचा एक थेंब टाकून ठेवतो.